सर्व्हायकल स्पाँडिलोसिस : मानेच्या रिपोर्टमधले झिजेचे शब्द

मानेचे मणके, त्यांच्यामधल्या चकत्या आणि त्यांना जोडणारे छोटे सांधे यांत वयाबरोबर जे बदल होतात, त्यांना सर्व्हायकल स्पाँडिलोसिस म्हणतात. चकतीतले पाणी आटते, तिची उंची घटते, मणक्यांच्या कडांना हाडाची टोके फुटतात आणि सांधे जाड होतात. हे सगळे फिल्मवर दिसते. दुखणे मात्र फिल्मवर दिसत नाही. मान कधीच न दुखलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही हे बदल सापडतात आणि मान हलवता न येणाऱ्याचा एक्स-रे अगदी स्वच्छ निघू शकतो.

सोलापुरात असा रिपोर्ट हाती आला की 'मणक्यात गॅप पडलाय' असे घरभर होते. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधले अंतर वाढलेले नसते, कमी झालेले असते, कारण मधली चकती बसलेली असते. रिपोर्टवरचा 'डिजनरेटिव्ह' हा शब्दही बहुतेक वेळा इतकेच सांगतो. जपानमध्ये लक्षणे नसलेल्या १२११ स्वयंसेवकांच्या मानेचे एमआरआय काढून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८७.६ टक्के लोकांना कुठे ना कुठे डिस्क बल्ज, म्हणजे चकतीचा फुगवटा, होता, अगदी विशीतल्या बहुसंख्य तरुणांनाही. तेव्हा 'बल्ज आहे का' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. तो कोणत्या पातळीवर आहे, कोणत्या बाजूला आहे आणि माणसाच्या हाताशी जुळतो का, एवढेच पाहायचे असते.

मानेत सात मणके आणि नसांच्या आठ जोड्या असतात. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधून सहावी नस बाहेर पडते, सहाव्या-सातव्याच्या मधून सातवी. सहावी नस दंडाच्या बाहेरच्या बाजूने अंगठा व तर्जनीपर्यंत जाते, सातवी मधल्या बोटाकडे. मान पुढे-मागे वाकवण्याची बरीच हालचाल याच दोन जागी होते आणि झीजही बहुधा इथेच आधी दिसते. ऑफिसात बसणाऱ्यांच्या रिपोर्टवर 'सी ५-६' आणि 'सी ६-७' पुन्हापुन्हा येतात ते त्यामुळेच. संगणकाने मणके झिजवले, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत चकत्यांच्या झिजेत वय आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा दिसला आहे. खाली वाकून तासन् तास बसल्याने स्नायू दुखतात हे खरे, पण ते दुखणे आणि फिल्मवरची झीज या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

उदाहरणादाखल अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहणारे ४४ वर्षांचे एक गृहस्थ घेऊ. मार्चअखेरची बिले आणि जीएसटीचे काम, लॅपटॉप कमी उंचीच्या टेबलावर, फोन खांदा आणि कान यांत धरलेला. उजव्या बाजूला मान दुखू लागली, मग खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला ठणका, मग अंगठ्यात व तर्जनीत मुंग्या. उजवा हात डोक्यावर ठेवला की बरे वाटे. दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःच एमआरआय करून घेतला. रिपोर्टचा मजकूर साधारण असा: मानेचा बाक कमी झालेला; सी २-३ ते सी ६-७ चकत्यांत डेसिकेशन; सी ५-६ येथे डिस्क-ऑस्टिओफाइट कॉम्प्लेक्स, थिकल सॅकवर दाब, उजवे न्यूरल फोरामेन मध्यम अरुंद; सी ६-७ येथे डावीकडे छोटा बल्ज; मज्जारज्जूचा सिग्नल नॉर्मल. इम्प्रेशनमध्ये एकच ओळ: 'डिजनरेटिव्ह डिस्क डिसीज'. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच एक ओळ फिरली. उपयोगाचे सगळे रिपोर्टच्या वरच्या परिच्छेदात होते.

पहिला शब्द बाकाचा. निरोगी मान बाजूने पाहिल्यास पुढच्या बाजूला किंचित फुगीर दिसते. तो बाक कमी दिसला की 'स्नायू आखडलेत' असे सरसकट म्हटले जाते, पण हनुवटी थोडी खाली घेतली तरी बाक सरळ दिसू लागतो. एमआरआय आडवे झोपवून काढतात आणि डोक्याखालचा आधार किती जाड आहे यानेही फरक पडतो. दुखणे नसलेल्यांतही सरळ मान आढळते. या ओळीवर औषध ठरत नाही.

डेसिकेशन म्हणजे चकतीतले पाणी कमी होणे. एमआरआयच्या टी-टू चित्रांत पाणी पांढरे दिसते, म्हणून पाणी धरून असलेली चकती उजळ आणि आटलेली काळसर दिसते. चाळिशीनंतर अशा काळ्या चकत्या अनेकांना असतात. आमच्या गृहस्थांच्या पाच चकत्या काळ्या आहेत हे वाचून त्यांना पाच आजार झाल्यासारखे वाटले. खरे तर पाचही जागी एकच गोष्ट लिहिली होती, त्यांचे वय.

सी ५-६ ची ओळ मात्र थांबून वाचायची. ऑस्टिओफाइट म्हणजे मणक्याच्या कडेला आलेले हाडाचे टोक. चकतीचा फुगवटा आणि हे टोक मिळून जो उंचवटा होतो, तो 'कॉम्प्लेक्स'. न्यूरल फोरामेन म्हणजे नस बाहेर पडण्याची खिडकी. मानेत या खिडकीची आतली कड मणक्यांच्या कडेला असलेल्या लुश्काच्या छोट्या सांध्याने बनते. तिथे हाड वाढले की खिडकी बारीक होते. रिपोर्टमध्ये पातळी सी ५-६, बाजू उजवी. लक्षण सहाव्या नसेचे, बाजू उजवी. इथे दोन्ही जुळतात. डावीकडच्या सी ६-७ च्या बल्जला डाव्या हातात काहीच पुरावा नाही, म्हणून तो तसाच सोडून द्यायचा.

जुळणी नक्की करायची ती तपासणीने. डॉक्टर मान मागे व उजवीकडे झुकवून डोक्यावर हलका दाब देतात. हातात तीच कळ उतरली तर नसेचा संशय बळावतो. मग हातोडीने दंडाची प्रतिक्रिया, कोपर वाकवण्याची ताकद आणि अंगठ्याची संवेदना पाहतात. या गृहस्थांची ताकद शाबूत होती, दंडाची प्रतिक्रिया तेवढी उजवीकडे मंद होती. ही चाचणी उलट अर्थानेही महत्त्वाची आहे. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात असून रात्री झोपेतून उठवत असतील, हात झटकल्यावर कमी होत असतील आणि मान वळवण्याशी त्यांचा संबंध नसेल, तर दोष मनगटात असू शकतो. त्याला कार्पल टनेल म्हणतात. अशा माणसाच्या मानेचा एमआरआय काढला तरी त्यात काही ना काही झीज निघणारच, आणि मग उपचार मानेवर सुरू होतो. ही चूक बरीच घडते.

ताकद कमी झालेली नसेल तर नसेची अशी कळ बहुतेकांत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतरते. चकतीचा बाहेर आलेला भागही अनेकदा आपोआप आक्रसतो. म्हणून धोक्याची लक्षणे नसताना साधारण सहा आठवडे थांबून, बरे न वाटल्यास एमआरआय काढण्याची पद्धत आहे. तोवर डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामके थोडे दिवस, लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर आणि वेगळा कीबोर्ड, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मान-खांद्यांचे व्यायाम. मेडिकलमधून आणलेला पट्टा फार तर काही दिवस; महिनोन्महिने बांधला तर मानेचे स्नायूच दुबळे होतात. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान काडकन मोडून घेण्याची सवय मात्र सोडलेली बरी. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मज्जारज्जूवर आधीच दाब असेल तर धोका आणखी वाढतो.

चक्कर आली की दोष मानेला देण्याचीही पद्धत आहे. कूस बदलताना घर फिरल्यासारखे होत असेल तर ते बहुधा आतल्या कानाचे असते, आणि ती चाचणी कान-नाक-घशाचे डॉक्टर पाच मिनिटांत करतात.

रिपोर्टमध्ये सर्वांत काळजीने वाचायचे शब्द मज्जारज्जूचे. इथे तीन पायऱ्या आहेत आणि त्या एकमेकांत मिसळल्या की घरी घबराट होते, किंवा उलट दुर्लक्ष होते. 'थिकल सॅकवर दाब' म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला उंचवटा टेकला. रज्जूपर्यंत तो पोचलेलाच असेल असे नाही. 'कॉर्ड इंडेंटेशन' किंवा 'कॉर्ड कॉम्प्रेशन' म्हणजे रज्जूचा आकार चेपला. 'कॉर्डमध्ये टी-टू हायपरइंटेन्सिटी' किंवा 'मायलोमलेशिया' म्हणजे रज्जूच्या आतल्या पेशींना इजा झाल्याची खूण. वरच्या जपानी अभ्यासात लक्षणे नसलेल्या ५.३ टक्के लोकांत रज्जूवर दाब सापडला होता, त्यामुळे दुसऱ्या पायरीवरही निर्णय तपासणीवरच ठरतो. तिसऱ्या पायरीला मात्र मणक्याच्या सर्जनची भेट लांबवू नये.

रज्जू दबण्याच्या या प्रकारात मान अनेकदा फारशी दुखत नाही, आणि तिथेच फसगत होते. शर्टाचे बटण लागत नाही, खिशातले नाणे बोटांना ओळखता येत नाही, सही बदलते, चप्पल पायातून निसटते, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखा झटका उतरणे हीही एक खूण. डॉक्टर मधल्या बोटाचे नख टिचकीसारखे सोडतात. त्याबरोबर अंगठा आपोआप वाकला तर रज्जूवरच्या दाबाचा संशय घेतात. हातापायांतली ताकद वेगाने कमी होत असेल किंवा लघवी अडत असेल, तर त्याच दिवशी सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात जायचे. संध्याकाळचा ताप, घटते वजन, झोपूनही न थांबणारे दुखणे असेल आणि रिपोर्टमध्ये 'मॅरो एडिमा', 'एंडप्लेट इरोजन', 'पॅराव्हर्टिब्रल कलेक्शन' असे शब्द असतील, तर ती झीज नव्हे. मणक्याचा क्षय किंवा गाठ यांचा विचार व्हायला हवा.

साध्या एक्स-रेत चकती आणि नस दिसतच नाहीत. हाडांमधले अंतर आणि कडांची टोके पाहून अंदाज बांधला जातो, त्यामुळे एक्स-रेवरून 'नस दबली' असे सांगता येत नाही. दरवर्षी एमआरआय काढून झीज किती वाढली हे पाहण्यातही अर्थ नाही. नवे लक्षण आले, ताकद घटली किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल तरच तो पुन्हा काढतात.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर बहुधा मानेच्या पुढच्या बाजूने जाऊन दोषी पातळीवरची चकती काढतात आणि दोन मणके जोडतात. या गृहस्थांवर ती करावी लागली असती, तर सर्जनने सी ५-६ लाच हात लावला असता. बाकीच्या चार काळ्या चकत्या रिपोर्टमध्ये लिहिल्या तशाच आत राहिल्या असत्या.