मुलांसाठी पाटी लिहून घ्यायची आहे? मजकुराआधी वस्तूचा फोटो पाठवा
(संग्रहालयं, शाळा आणि स्थानिक इतिहास मंडळांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणारं काम बहुतेक वेळा एका फोनने सुरू होतं. "आमच्या पाटीवरचा मजकूर तज्ज्ञांनी लिहिलाय, तो मुलांना कळत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवतो, जरा सोपा करून द्या. संध्याकाळपर्यंत होईल ना?" मजकूर लगेच येतो. वस्तूचा फोटो मागितला की उत्तर येतं, "फोटोचं काय काम? भाषाच तर सोपी करायची आहे."

हे पत्रक त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी छापलं आहे. फोटोशिवाय आम्ही काम का सुरू करत नाही, ते एका वीरगळाच्या पाटीवरून सांगतो. वीरगळ आपल्याकडे गावोगावी आहेत आणि बहुतेक स्थानिक संग्रहालयांच्या अंगणात एखादा तरी असतोच.

एका संग्रहालयातून आमच्याकडे आलेला मूळ मजकूर असा होता:

"वीरगळ. बेसाल्ट. इ. स. १३वे शतक, यादवकालीन. चतुःस्तरीय शिल्पपट्ट. अधस्तन पट्टात गोधनरक्षणार्थ वीरगती प्राप्त झालेला योद्धा व गोधन. द्वितीय पट्टात युद्धप्रसंग. तृतीय पट्टात अप्सरांसमवेत स्वर्गारोहण. ऊर्ध्व पट्टात शिवलिंगपूजन. शीर्षस्थानी कलश व चंद्रसूर्य. शिलालेख नाही."

या मजकुरात चूक एकही नाही. अभ्यासकाला जे हवं ते चार ओळींत आहे, म्हणून ही पाटी काढून टाका असं आम्ही कधीच म्हणत नाही. ती जागेवरच राहते, मुलांची पाटी तिच्या शेजारी वेगळी लागते, आणि वस्तूचा नोंद क्रमांक दोन्हींवर एकच असतो. "तुम्ही मजकूर कापला, अभ्यास गेला" अशी तक्रार काही जण करतात. अभ्यास शेजारच्या पाटीवर जसाच्या तसा असतो.

आता झालं काय ते सांगतो. त्या वेळी आम्हीही घाई केली आणि फोटो न मागता लिहायला बसलो. मजकुरात गाई होत्या. मुलांना मोजायला आवडतं, म्हणून पहिलीच ओळ लिहिली, "सगळ्यात खाली बघा. किती गाई दिसतात?" मजकूर मंजूर झाला, पाटी छापून सनबोर्डवर चढली. ती लावायला आम्ही गेलो, तेव्हा कळलं की दगड पडू नये म्हणून त्याचा पायथा सिमेंटच्या ओट्यात बसवलेला आहे. खालची वीतभर पट्टी ओट्यात गेली होती आणि गाई नेमक्या त्या पट्टीत होत्या. पडलेला वीर दिसत होता, त्याच्या खालच्या गाई नव्हत्या. पहिल्या सहलीची पोरं ओट्यापाशी वाकून गाई शोधत बसली. पाटी उतरवली, पुन्हा लिहिली, पुन्हा छापली. दोन्हीकडचे मिळून तीन आठवडे गेले.

तज्ज्ञांची पाटी वस्तूबद्दल जे माहीत आहे ते सांगते. मुलांच्या पाटीने मात्र समोर जे दिसतं तिथूनच सुरुवात करावी लागते. पाटीने एखादी गोष्ट बघायला सांगितली आणि ती सापडली नाही, तर मूल पुढचं वाचत नाही. म्हणून एक अख्खा फोटो, एक बाजूने घेतलेला आणि एक चौथीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवरून काढलेला, असे तीन फोटो आम्ही मागतो. तिसरा फोटो लोक टाळतात. तो काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. चौथीतलं मूल साधारण १३० सेंटिमीटर उंच असतं. तुम्ही उभे राहून काढलेल्या फोटोत जो कलश ठसठशीत दिसतो, तो त्या उंचीवरून कित्येकदा दिसतही नाही. कोरीवकाम झिजलेलं असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हं तिरपी असताना फोटो काढा. बेसाल्टवरची झिजलेली आकृती दुपारच्या उन्हात सपाट होऊन जाते.

फोटो आले की पहिला प्रश्न असतो, नजर कुठून कुठे न्यायची. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खाली वीर पडलेला, त्याच्या वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला नेताहेत, आणि सगळ्यात वर तो महादेवासमोर बसलेला. मूल मात्र पुस्तकासारखं वरून खाली बघतं. तसं पाहिलं तर देवळात बसलेला माणूस पुढे लढायला जातो आणि मरतो, गोष्ट उलटीच होते. अभ्यासकाला हा क्रम पाठ असतो, म्हणून जुन्या पाटीवर तो लिहिलेला नसतो. शब्द कितीही सोपे केले तरी ही अडचण सुटणार नव्हती.

शब्दांबद्दलही एक सांगायला हवं. सगळे अवघड शब्द काढा, असं आम्हाला सांगितलं जातं. "वीरगळ" हा शब्द आम्ही काढत नाही. गावात परत गेल्यावर देवळामागे तसाच दगड दिसला, तर त्याला काय म्हणायचं ते मुलाला माहीत असायला हवं. शिवाय त्याची फोड सांगितली की मुलं खूश होतात, कारण कानडीत "कल्लू" म्हणजे दगड, आणि वीराचा दगड तो वीरगळ. "अधस्तन", "चतुःस्तरीय", "गोधनरक्षणार्थ" हे मात्र जातात. "शिवलिंगपूजन"च्या जागी आम्ही "महादेवाची पिंड" लिहितो, कारण मुलांच्या घरी हाच शब्द असतो. "यादवकालीन"च्या जागी "सुमारे ८०० वर्षांपूर्वी" येतं. यादव राजे कोण, हे सांगायला या पाटीवर जागा नाही. देवगिरीचा नकाशा लावलेल्या भिंतीवर ते सांगता येतं.

एका शिक्षकांनी आग्रह धरला होता की वीराला "मावळा" म्हणा, मुलांना लगेच कळेल. कळेल हे खरं, पण चुकीचं कळेल. हा दगड शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सुमारे ४०० वर्षं आधीचा आहे. सोपं करताना खोटं लिहायचं नाही, यावर आम्ही अडून बसतो. म्हणूनच शेवटचा मसुदा तुमच्या अभ्यासकांनी वाचून सही केल्याशिवाय छापायला जात नाही. या पाटीतही त्यांनी आमची एक चूक पकडली. आम्ही लिहिलं होतं, "त्याच्या गावाने हा दगड उभारला." त्यांनी विचारलं, गावानेच कशावरून? घरच्यांनी उभारला असेल, त्याच्या सरदाराने उभारला असेल, दगडावर तर लेख नाही. ओळ बदलून "त्याच्या आठवणीसाठी" केली.

त्यानंतर मजकूर साध्या ए-फोर कागदावर छापून दगडाशेजारी चिकटवतो आणि चौथीच्या पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचायला लावतो. वाचताना मूल कुठे अडखळतं आणि कुठल्या ओळीला मान वर करून दगडाकडे बघतं, एवढंच आम्ही टिपून घेतो. पहिल्या मसुद्यात एक ओळ होती, "त्याच्या दोन्ही बाजूंना कोण आहेत?" एका मुलीने लगेच सांगितलं, "एक बायको आणि एक बहीण." तिचं उत्तर अगदी रास्त होतं. जे नुसतं बघून कळू शकत नाही ते विचारायचं नसतं, सांगून टाकायचं असतं. तो प्रश्न गेला आणि अप्सरा आल्या.

शेवटी जी पाटी लागली ती ही:

"वीरगळ म्हणजे वीराचा दगड.
यात एक गोष्ट आहे. ती खालून वर वाचा.
खाली एक माणूस पडला आहे. गाई वाचवताना तो मारला गेला.
त्याच्या वर त्याची लढाई बघा.
त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत.
सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे बसला आहे.
एकच माणूस चार वेळा! सापडला का?
त्याच्या आठवणीसाठी सुमारे ८०० वर्षांपूर्वी हा दगड उभारला. त्याचं नाव दगडावर कोरलेलं नाही.
(गाई ओट्याच्या सिमेंटमध्ये झाकल्या आहेत. त्या शेजारच्या फोटोत बघा.)"

गाईंचा फोटो संग्रहालयाच्याच जुन्या नोंदवहीत निघाला, दगड ओट्यात बसवण्याआधीचा. आता मुलं आधी फोटोत गाई मोजतात आणि मग ओट्याकडे बघतात.

चंद्र-सूर्य आणि कलश या पाटीत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. चंद्र-सूर्य असेपर्यंत वीराची कीर्ती राहील, हा अर्थ सुंदर आहे आणि तो गाळताना आम्हालाही वाईट वाटलं. पण या दगडाचा माथा मुलांच्या नजरेच्या बराच वर आहे आणि चंद्राची कोर झिजली आहे. सहलीची रांग मागून ढकलत असते. अशा वेळी साधारण ६० शब्दांच्या पुढे मूल वाचत नाही, हा आमचा अनुभव. ही पाटी त्याच्या थोडी पुढे गेली, ती सिमेंटच्या ओळीमुळे. चंद्र-सूर्याची गोष्ट आम्ही शिक्षकांच्या पानावर टाकतो. प्रत्येक पाटीबरोबर असं एक पान देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

छपाईबद्दल थोडक्यात. मुलांच्या पाटीला अक्षर ३० पॉइंटच्या खाली नको. दोन ओळींत अंतर भरपूर ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच थांबतं. लॅमिनेशन मॅटच घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट उमटते आणि ती नेमकी कमी उंचीवरून जास्त डोळ्यांत जाते. पाटीचा मध्य जमिनीपासून मीटरभर उंचीवर असावा. कुणी स्वस्तात करून देत असेल तर त्यांच्याकडून छापून घ्यायला आमची हरकत नाही, फक्त या चार गोष्टी त्यांना सांगा.

आमच्या दरात मजकूर, मुलांसमोरचं एक वाचन आणि दोन दुरुस्त्या धरलेल्या असतात. "सोपं करायला एवढे पैसे?" असं विचारलं जातं. ६० शब्द लिहायला तासभर पुरतो. दगडासमोर बसणं, मुलांना वाचायला लावणं आणि अभ्यासकांबरोबर एकेका क्रियापदावर बोलणं यात दोन-तीन दिवस जातात, आणि पैसे त्याचे असतात. दहा पाट्या एकत्र दिल्यात तर वाचन एकाच फेरीत होतं आणि दर बराच खाली येतो, म्हणून दालनाचं काम शक्यतो एकदम काढा.

काम पाठवताना जुन्या पाटीचा मजकूर, वर सांगितलेले तीन फोटो, वस्तूची उंची आणि तिचा किती भाग ओट्यात, कपाटात किंवा काचेच्या चौकटीमागे झाकला आहे, एवढं कळवा. मोजमाप नसेल तर वस्तूशेजारी एक फूटपट्टी उभी करून फोटो काढा, तेवढं चालतं.