चार वाक्यं, सात दुरुस्त्या

इंग्रजीच्या एका स्वाध्यायात मराठी विद्यार्थ्याने लिहिलेली ही चार वाक्यं बघा:

“आय ॲम वर्किंग इन धिस ऑफिस सिन्स थ्री इयर्स. लास्ट वीक आय हॅव बॉट बायसिकल. चेन वॉज लूज. इन मंडे मॉर्निंग आय डिस्कस्ड अबाउट इट विथ अ मेकॅनिक.”

अर्थ लगेच कळतो. तरीही तपासणाऱ्याला इथे सात ठिकाणी पेन लावावं लागतं. दुरुस्त उतारा असा होतो: “आय हॅव बीन वर्किंग इन धिस ऑफिस फॉर थ्री इयर्स. लास्ट वीक आय बॉट अ बायसिकल. द चेन वॉज लूज. ऑन मंडे मॉर्निंग आय डिस्कस्ड इट विथ अ मेकॅनिक.”

एवढं करून वही परत दिली, तर विद्यार्थी नवं वाक्य उतरवून घेतो आणि पुढच्या पानावर तीच चूक पुन्हा करतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीशेजारी एका ओळीचं कारण लागतं, आणि ते कारण अजून न लिहिलेल्या वाक्यालाही लागू पडायला हवं. “नियम आहे म्हणून” हे त्या कसोटीला उतरत नाही. “क्रिया पूर्ण झाली म्हणून भूतकाळ” हेही उतरत नाही, आणि नेमकं हेच कारण वह्यांमध्ये अनेकदा लिहिलेलं सापडतं.

त्याचा घोटाळा दुसऱ्या वाक्यात दिसतो. “आय हॅव बॉट” मध्येही खरेदी पूर्णच झाली आहे. या काळाचं मराठी नावच मुळी पूर्ण वर्तमानकाळ! मग क्रिया पूर्ण झाली हे कारण वाचून विद्यार्थ्याने “हॅव बॉट” खोडून “बॉट” का लिहावं?

खरं कारण तर्कशास्त्रज्ञ हान्स रायशेनबाख यांनी 1947 मध्ये मांडलेल्या एका साध्या कल्पनेने स्पष्ट होतं. प्रत्येक वाक्यात काळाचे तीन बिंदू धरायचे: आपण बोलतो ती वेळ, घटना घडली ती वेळ, आणि आपण जिथे उभे राहून त्या घटनेकडे बघतो ती वेळ. साध्या भूतकाळात बघणारा मागे जाऊन घटनेपाशीच उभा राहतो. “हॅव” वापरला की तो आत्ताच्या क्षणी उभा राहून मागे वळून बघतो. घटना दोन्हीकडे तीच असते, बघण्याची जागा बदलते. आता “लास्ट वीक” हे शब्द बघणाऱ्याला गेल्या आठवड्यात नेऊन उभं करतात आणि “हॅव” त्याला आजवर धरून ठेवतो. एकाच माणसाला दोन ठिकाणी उभं करता येत नाही, म्हणून एक शब्द जायला हवा. वेळ सांगायचीच आहे, तेव्हा “हॅव” जातो.

मराठी कानाला हे खटकत नाही, कारण मराठीत ही अडचणच नाही. “मी कालच पत्र पाठवलंय” हे आपण दिवसातून दहादा म्हणू. आपलं “आहे” कालशी भांडत नाही, इंग्रजीतलं “हॅव” भांडतं. वहीत कारण लिहायचं ते असं: “लास्ट वीक ही संपलेली वेळ आहे. संपलेली वेळ वाक्यात आली की हॅव चालत नाही.”

“संपलेली” या शब्दावर जोर द्यायला हवा. समजा कुणी सकाळी दहा वाजता दोन कप चहा घेतल्याचं सांगतोय. तो म्हणेल, “आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग.” तोच माणूस संध्याकाळी सांगताना “आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग” असं म्हणेल. चहा तोच, “धिस मॉर्निंग” हे शब्दही तेच, मधल्या वेळात सकाळ तेवढी संपली.

आता पहिलं वाक्य. इथे काळ आणि शब्दयोगी जोडीने चुकले आहेत, आणि दोन्ही चुकांच्या मुळाशी मराठीतला “पासून” आहे. “मी इथे तीन वर्षांपासून काम करतोय” या वाक्यात “करतोय” सरळ वर्तमानकाळ आहे, त्याला मागे ताणायचं काम “पासून” करतो. इंग्रजीत “ॲम वर्किंग” असं मागे ताणता येत नाही, ते सध्याबद्दल किंवा पुढे ठरलेल्या गोष्टीबद्दल बोलतं. मागे सुरू होऊन अजून चालू असलेलं काम सांगायला “हॅव बीन वर्किंग” लागतं. ही पहिली दुरुस्ती.

दुसरी दुरुस्ती “सिन्स” ची. आपला “पासून” सुरुवातीच्या क्षणालाही लागतो आणि कालावधीलाही: 2022 पासून, तीन वर्षांपासून. इंग्रजीने ही दोन कामं वाटून दिली आहेत. क्षणाला “सिन्स”, कालावधीला “फॉर”. ओळखायची युक्ती मराठीतच आहे. वाक्यातून “पासून” काढून बघा. “मी तीन वर्षं काम करतोय” हे वाक्य उभं राहतं, तिथे “फॉर”. “मी सोमवार काम करतोय” हे कोसळतं, तिथे “सिन्स”.

एक सावधगिरी: “फॉर दिसला की हॅव बीन” असं कारण कधीही लिहू नये. नोकरी सोडलेला माणूस “आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स” म्हणतो आणि ते अगदी बरोबर आहे. काळ ठरतो तो काम अजून चालू आहे की थांबलं यावर.

सायकल आणि चेन यांची गोष्ट आर्टिकलची आहे. शिकवताना सर्रास सांगतात की पहिल्यांदा उल्लेख आला की “अ”, दुसऱ्यांदा “द”. सायकलपुरतं हे जमतं. पण चेनचा उल्लेख तर पहिल्यांदाच येतोय, तरी तिथे “द” का? कारण मोजणी उल्लेखांची नसते. वाचणाऱ्याला “कुठली?” हा प्रश्न पडणार आहे का, एवढंच बघायचं असतं. जगात सायकली असंख्य, त्यातली कुठली ते वाचणाऱ्याला माहीत नाही, म्हणून “अ बायसिकल”. पण एकदा सायकल आली की तिच्याबरोबर तिची चेनही आली, आणि ती एकच असते. “कुठली चेन?” असं कुणी विचारणार नाही, म्हणून “द चेन”. चेनऐवजी टायर पंक्चर झाला असता, तर? टायर दोन असतात. तेव्हा “वन ऑफ द टायर्स” म्हणावं लागलं असतं, किंवा “द फ्रंट टायर” म्हणून कुठला ते सांगावं लागलं असतं.

मराठीत आर्टिकल नाही म्हणून हा भेद आपल्याला परका आहे असं म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. “ते मुलगी शोधताहेत” आणि “ते मुलीला शोधताहेत” ही दोन वाक्यं एकापाठोपाठ वाचा. पहिल्या घरात लग्नाची बोलणी चालू आहेत, दुसऱ्या घरात काळजी. पहिल्यात कुठलीही योग्य मुलगी, दुसऱ्यात ठरलेली एकच. हा फरक आपण “ला” लावून करतो, इंग्रजी तो “अ गर्ल” आणि “द गर्ल” असा करते. मात्र आपला “ला” मुख्यतः माणसांना आणि प्राण्यांना लागतो. सायकल आणि चेन यांना तो सहसा लागत नाही, म्हणून निर्जीव वस्तूंपाशी आर्टिकल गळण्याची शक्यता जास्त. तपासताना अशा नामांवरून नजर दोनदा फिरवावी.

“अ” की “ॲन” हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, आणि त्यात देवनागरी फार कामाला येते. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहायचा आणि पहिलं अक्षर बघायचं. अवर, एमए, अंब्रेला स्वराने सुरू होतात, तिथे “ॲन”. युनिव्हर्सिटी य ने आणि वन-वे स्ट्रीट व ने, तिथे “अ”. इंग्रजी स्पेलिंगकडे बघूच नये, तेच फसवतं.

चौथ्या वाक्यात दोन शब्दयोगी चुकले आहेत आणि दोन्ही चुका वेगळ्या जातीच्या आहेत. “इन मंडे मॉर्निंग” लिहिणाऱ्याला सकाळसाठी “इन” लागतो हे पाठ आहे, आणि “इन द मॉर्निंग” बरोबरच आहे. पण सकाळ कुठल्या वाराची ते सांगितलं की तो वार “ऑन” मागतो: ऑन मंडे, ऑन मंडे मॉर्निंग. मराठीत सोमवारी, सकाळी, रात्री, घरी या सगळ्यांना एकच ई पुरते. इंग्रजीत त्याच क्रमाने ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट, ॲट होम. एका ई चे तीन तुकडे झालेत. सकाळला “इन” आणि रात्रीला “ॲट” का, याला शिकणाऱ्याच्या कामाचं कारण देता येत नाही. अशा जागी ओढूनताणून तर्क लावण्यापेक्षा “ही जोडी अशीच पाठ करा” असं लिहिणं प्रामाणिक ठरतं.

“डिस्कस्ड अबाउट” ला मात्र कारण आहे. “त्याबद्दल चर्चा केली” मधला “बद्दल” इंग्रजीत जसाच्या तसा उतरला आहे. चर्चा हे नाम आहे आणि इंग्रजी नामालाही “अबाउट” चालतो: “अ डिस्कशन अबाउट द चेन”. पण “डिस्कस” हे क्रियापद थेट कर्म घेतं, म्हणून “अबाउट” गळतो. नाम असेल तर ठेवा, क्रियापद असेल तर काढा, एवढं कारण पुरतं. हीच कसोटी “ऑर्डर” आणि “रिक्वेस्ट” यांच्यापुढे आगंतुक येणाऱ्या “फॉर” लाही लागते: “आय ऑर्डर्ड अ चेन”, पण “ॲन ऑर्डर फॉर अ चेन”.

दुरुस्त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी काळ बघावा, मग आर्टिकल, शेवटी शब्दयोगी. पहिल्या वाक्यात आधी नुसता “सिन्स” बदलला असता, तर “आय ॲम वर्किंग इन धिस ऑफिस फॉर थ्री इयर्स” असं वाक्य उरलं असतं. ते व्याकरणात चालतं, पण अर्थ वेगळाच होतो: आपला मुक्काम इथे एकूण तीन वर्षांचा ठरलाय, असं काहीसं. चूक झाकली गेली असती आणि अर्थ बदलला असता.

काही गाळलेल्या जागा अशाही असतात जिथे पेन उचलण्याआधी थांबायला हवं. “ही वेंट टू ___ स्कूल” इथे उत्तरसूचीत जागा रिकामी ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि “द” भरणाऱ्याचा गुण जातो. पण शिकायला जाणारा “टू स्कूल” जातो, आणि मुलाचं दप्तर द्यायला गेलेला बाप “टू द स्कूल” जातो, कारण त्याच्यासाठी शाळा म्हणजे एक इमारत. आजूबाजूला दुसरं वाक्य नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत आणि शेजारी लिहावं: “द नसेल तर विद्यार्थी, द असेल तर पाहुणा.” दवाखान्याचं आणखी वेगळं आहे. रुग्ण म्हणून दाखल झालेल्याला ब्रिटिश माणूस “इन हॉस्पिटल” म्हणतो आणि अमेरिकन “इन द हॉस्पिटल” म्हणतो. “जस्ट” बरोबर ब्रिटिश बहुधा “आय हॅव जस्ट ईटन” म्हणतो, अमेरिकन सहज “आय जस्ट एट” म्हणून मोकळा होतो. वहीत अशा जागी खोडाखोड करू नये. पाठ्यपुस्तक कुठल्या इंग्रजीचं आहे तेवढं समासात लिहावं आणि पुढच्या वाक्याकडे वळावं.