उर्दू अर्थशास्त्र पुस्तकातील संज्ञांची मंजुरी: अर्ज कुठे अडतो, कागद कोणते लागतात

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले आम्ही काही शिक्षक अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक उर्दूत आणतोय. संज्ञा ठरवायला तज्ज्ञ समिती नेमली, नियम केले, आणि पहिल्याच फेरीत अर्जांचा गठ्ठाच्या गठ्ठा परत आला. सगळे जण त्याच दोन-तीन जागी अडतात, म्हणून हे लिहितोय.

अर्ज कुणीही शिक्षक किंवा भाषांतरकार करू शकतो. एका संज्ञेला एक चिठ्ठी. तिच्यावर मूळ पुस्तकातलं पूर्ण वाक्य पान क्रमांकासह, सुचवलेला उर्दू शब्द आणि संकल्पनेची व्याख्या लिहायची. मंजुरीला दोन सह्या लागतात, एक अर्थशास्त्राच्या तज्ज्ञाची आणि एक उर्दूच्या. आमच्याकडे अर्थशास्त्राचे तज्ज्ञ बहुतेक मराठी बोलणारे आहेत. त्यांनी एक सांभाळावं. ‘तलब’ दिसला की आपल्याला चहाची तलब आठवते आणि ‘रसद’ म्हटलं की फौजेचा शिधा. पण उर्दू अर्थशास्त्रात मागणीला तलब आणि पुरवठ्याला रसद हेच रुळलेले शब्द आहेत. मराठी कानाला खटकलं म्हणून सही अडवू नका.

खरी अडचण वापराच्या पुराव्याची. संज्ञा आधी छापलेल्या उर्दू अर्थशास्त्र पुस्तकात आली असेल, तर त्या पानाची आणि मुखपृष्ठामागच्या प्रकाशन-पानाची प्रत जोडायची आहे. हा कागद कुणाकडेच नसतो. वर्गातल्या नोट्स असतात, नाहीतर पाठ्यपुस्तकाची पहिली पानं फाटलेली प्रत. अशा वेळी लोक नुसतं ‘सर्वत्र वापरतात’ लिहून देतात आणि अर्ज परत येतो. त्यापेक्षा चिठ्ठीवर ‘नवा शब्द’ या चौकटीत खूण करा आणि हा शब्द का निवडला ते चार ओळीत लिहा. नव्या शब्दाला पुरावा मागायचा नाही, हा नियम आम्हीच केलाय. तरी कार्यालयात कुणी मागितला, तर नियमाची प्रत पुढे ठेवा. शिक्षकांना विनाकारण हेलपाटे घालायला लावणं मला मुळीच पटत नाही.

आता एक चिठ्ठी नीट पाहू. मार्जिनल युटिलिटी, म्हणजे आपली सीमांत उपयोगिता. हिला दोन शब्द आले: ‘मुख्ततम इफादा’ आणि ‘हाशियाई इफादा’. इफादा म्हणजे उपयोगिता. मुख्ततममध्ये शेवटच्या नगाचा अर्थ आहे, तर हाशियाई शब्द हाशियावरून, म्हणजे कडेवरून आलाय. दोन्ही छापील पुस्तकांत सापडतात, तेव्हा पुराव्यावर निकाल लागेना. मग संज्ञा उदाहरणात घालून पाहिली. कुंद्याच्या पहिल्या वाटीने 10 एकक समाधान मिळालं, दुसरीनंतर एकूण 16 झालं, तिसरीनंतर 19. तिसऱ्या वाटीची सीमांत उपयोगिता किती? उत्तर 3. मुख्ततम शब्द वापरला तेव्हा काही मुलांनी 19 लिहिलं. त्यांनी ‘शेवटी जमलेलं समाधान’ असा अर्थ घेतला होता. हाशियाईने ती गफलत झाली नाही. म्हणून हाशियाई मंजूर झाला आणि पहिल्या उल्लेखाजवळ मुख्ततमही द्यायचं ठरलं, कारण जुन्या पुस्तकांत मुलांना तोच भेटणार आहे.

तरी ही चिठ्ठी एकदा परत आलीच. मूळ पुस्तकात शेतीच्या प्रकरणात ‘मार्जिनल’ पुन्हा येतो, सीमांत शेतकऱ्याच्या अर्थाने, म्हणजे एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला. तिथे ‘पुढच्या एका नगामुळे पडणारा फरक’ हा अर्थ लागतच नाही. इंग्रजी शब्द एकच असला तरी संकल्पना दोन, म्हणून चिठ्ठ्याही दोन हव्यात. मूळ वाक्य जोडायचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच.

टायपिंगमुळेही अर्ज अडतात. उर्दूचा ‘ये’ U+06CC आहे, अरबी कीबोर्डचा U+064A. काफही तसाच, उर्दूचा U+06A9 आणि अरबी U+0643. शब्दाच्या मध्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण हाशियाई अरबी ‘ये’ने टाइप केला तर मंजूर यादीत शोधून सापडत नाही आणि तोच शब्द दुसऱ्यांदा मंजुरीला येतो. चिठ्ठी उर्दू कीबोर्डवरच टाइप करा. छापील प्रतीवर जेर-जबर-पेश या स्वरखुणा घाला, नाहीतर अनोळखी संज्ञा जो तो आपल्या मनाने वाचतो.

मुदतीचं आवर्जून सांगतो. मंजूर संज्ञेवर हरकत घ्यायचे 15 दिवस फलकावर मंजूर यादी लागल्या दिवसापासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही, आणि सुट्ट्याही त्यात धरतात. एका बाईंची हरकत अगदी योग्य होती, पण टपाल उशिरा मिळालं आणि त्यांनी दिवस तिथून मोजले. आता ती संज्ञा पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहणार. शक्य असेल तर यादी लागायच्या दिवशी स्वतः जा, फलकाचा तारखेसह फोटो काढा आणि हरकत देताना पोच घ्या.