सरासरी-किंमत ऑप्शन आणि बॅरियर ऑप्शन

साध्या ऑप्शनचा हिशेब मुदतीच्या दिवशीच्या एका भावावर मिटतो. सरासरी-किंमत ऑप्शन आणि बॅरियर ऑप्शन यांचा हिशेब मात्र भाव तिथवर कोणत्या वाटेने आला, हे पाहून होतो. सरासरी-किंमत ऑप्शनमध्ये ठरलेल्या दिवसांच्या भावांची सरासरी काढतात. बॅरियर ऑप्शनमध्ये भावाने ठरावीक पातळीला स्पर्श केला की करार रद्द होतो (नॉक-आउट) किंवा तेव्हाच लागू होतो (नॉक-इन). सरासरी-किंमत ऑप्शनला ‘एशियन ऑप्शन’ म्हणतात, कारण बँकर्स ट्रस्ट या अमेरिकी बँकेच्या दोन अधिकाऱ्यांनी 1987 मध्ये टोकियोत असताना कच्च्या तेलाच्या सरासरी भावावरचा ऑप्शन तयार केला. महिनाभर रोज माल घेणाऱ्याचा खर्च सरासरीनेच ठरतो, त्यामुळे तेल आणि धातूंच्या व्यापारात हा प्रकार रुजला. लंडन मेटल एक्स्चेंजवर महिन्याच्या सरासरी भावावरचे असे ऑप्शन चालतात.

एक छोटे उदाहरण घेऊ. भाव आज 100 आहे, दोन टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्याला तो 10 ने वर किंवा खाली जातो. व्याज शून्य धरले तर दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या येतात. कॉलची, म्हणजे खरेदीच्या हक्काची, स्ट्राइक म्हणजे ठरलेली किंमत 94 आहे. ‘आधी वर, मग खाली’ ही वाट 110 वरून 100 ला येते. ‘आधी खाली, मग वर’ ही 90 वरून 100 ला. साधा कॉल दोन्हीकडे 6 देतो. दोन टप्प्यांच्या सरासरीवरचा कॉल पहिल्या वाटेवर 11 देतो (सरासरी 105), दुसऱ्या वाटेवर फक्त 1 (सरासरी 95). 92 ला नॉक-आउट होणारा कॉल पहिल्या वाटेवर 6 देतो. दुसऱ्या वाटेवर तो 90 लाच संपलेला असतो, नंतर भाव सावरला तरी उपयोग नाही.

चारही वाटांची सरासरी काढली की किंमत मिळते: साधा कॉल 9.50, सरासरीचा 8.25, नॉक-आउट 8. त्याच बॅरियरचा नॉक-इन कॉल फक्त ‘खाली, मग वर’ या वाटेवर 6 देतो, म्हणून त्याची किंमत 1.50. नॉक-इन आणि नॉक-आउट मिळून नेहमी साध्या ऑप्शनइतकेच होतात (करार रद्द झाल्यावर परत मिळणारी रक्कम नसेल तर). आपले गणित तपासायला याहून सोपी कसोटी नाही.

साध्या ऑप्शनसाठी वाटा मोजाव्या लागत नाहीत. वीस टप्प्यांनंतर भावाच्या शेवटच्या शक्यता 21 च असतात, वाटा मात्र 10,48,576. म्हणून सरासरीच्या ऑप्शनसाठी सहसा संगणकावर यादृच्छिक वाटा काढून मोजतात, म्हणजे मॉन्टे कार्लो पद्धत वापरतात. ब्लॅक-शोल्सच्या गृहीतकांत भावांचा गुणाकार लॉगनॉर्मल राहतो, बेरीज राहत नाही. त्यामुळे भूमितीय सरासरीला नेमके सूत्र आहे, नेहमीच्या अंकगणितीय सरासरीला नाही. केम्ना आणि व्हॉर्स्ट यांनी 1990 मध्ये याचाच फायदा घेतला. त्याच वाटांवर दोन्ही सरासरींचे ऑप्शन मोजायचे आणि भूमितीयची जी चूक दिसते तिच्या आधाराने अंकगणितीयचे उत्तर सुधारायचे. दोन्ही सरासरी जवळजवळ हातात हात घालून चालतात, त्यामुळे खूप कमी वाटांत काम भागते.

सरासरीत चढउतार एकमेकांना खातात. भावाची व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउताराचे प्रमाण, σ असेल आणि पहिल्या दिवसापासून सतत सरासरी घेतली तर भूमितीय सरासरीची परिणामकारक व्होलॅटिलिटी σ/√3 होते, म्हणजे 30 टक्क्यांची सुमारे 17.3. पण ‘सरासरीचा ऑप्शन स्वस्तच’ हे सरसकट खरे नाही. वर्षाच्या करारात सरासरी शेवटच्या आठवड्याचीच असेल तर फरक नगण्य असतो. शिवाय निम्मे भाव आधीच चढे नोंदले गेले असतील आणि नंतर बाजार पडला, तर सरासरीचा कॉल साध्यापेक्षा महाग ठरतो.

बॅरियर ऑप्शनची अडचण निराळी आहे. मर्टन यांनी 1973 मध्येच खालच्या बॅरियरच्या नॉक-आउट कॉलचे सूत्र दिले, पण त्यात बॅरियर क्षणोक्षणी तपासला जातो असे गृहीत आहे. अनेक करारांत मात्र दिवसाचा बंद भाव पाहतात. दुपारी भाव 92 खाली जाऊन संध्याकाळी 93 ला बंद झाला तर करार जिवंतच राहतो, म्हणजे खरा नॉक-आउट सूत्रापेक्षा थोडा महाग हवा. ब्रोडी, ग्लासरमन आणि कोऊ यांच्या 1997 च्या दुरुस्तीनुसार खालचा बॅरियर `exp(-0.5826·σ·√Δt)` ने गुणून सूत्रात घालतात; Δt म्हणजे दोन तपासण्यांमधला काळ, वर्षांत. व्होलॅटिलिटी 30 टक्के आणि वर्षाचे 252 दिवस धरले तर 92 च्या जागी सुमारे 91 येतो. करारात ‘स्पर्श’ कसा ठरतो हे न वाचता किंमत काढणे, ही इथली सर्वात महागडी चूक.

विकणाऱ्याची जोखीमही निरनिराळी असते. सरासरीचे दिवस सरत जातात तसा निकाल गोठत जातो आणि हेजिंग हलके होते. बॅरियरजवळ उलटे घडते: 100 स्ट्राइकचा, 120 ला रद्द होणारा कॉल शेवटच्या दिवशी 119.90 ला 19.90 देतो आणि 120 ला काहीच नाही. दहा पैशांत डेल्टा, म्हणजे भावामागे ऑप्शनची किंमत किती बदलते ते प्रमाण, उलटतो, आणि तेवढ्या वेळात कोणतेही हेज बदलता येत नाही. म्हणून अनेक डेस्क किंमत काढताना बॅरियर मुद्दाम थोडा सरकवून ठेवतात.