पॅनोरमा जलरंगात करताना सांधे का दिसतात आणि आम्ही काय करतो

भिंतभर लांबीचा फोटो जलरंगासारखा करून हवा असेल, तर ते काम तुकड्या-तुकड्यांनीच करावे लागते. आम्ही वापरतो ते एआय मॉडेल साधारण १,०२४ पिक्सेलच्या चौकोनावर शिकलेले आहे. अख्खा मोठा फोटो एकदम दिला, तर मॉडेल तेच तेच तपशील पुन्हा काढू लागते.

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून सकाळी दक्षिणेकडे तोंड करून काढलेला फोटो घ्या. डावीकडे सुवेळा माची, उजवीकडे संजीवनी, तिच्या पलीकडे तोरणा. आकार ११,७७६ बाय १,७९२ पिक्सेल, म्हणजे १०० डीपीआयवर छापल्यास पावणेदहा फुटांहून थोडा जास्त लांब. शेजारच्या तुकड्यांत २५६ पिक्सेल सामाईक ठेवले, की एका ओळीत १५ असे दोन ओळींत ३० तुकडे होतात.

सामाईक पट्टीत दोन तयार तुकडे नुसते एकमेकांत विरघळवले, तर रंग जुळतो, पण कुंचल्याचे फटकारे वेगळे असल्याने तिथे धुरकट उभा पट्टा उरतो. म्हणून चित्र घडत असतानाच, प्रत्येक पायरीला, सामाईक भागाची सरासरी आम्ही दोन्ही तुकड्यांना परत देतो. मग दोन्हीकडे एकच फटकारा उमटतो.

सांध्यांखेरीज दुसरी अडचण म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना शैली हळूहळू सरकणे. तिचे कारण मात्र वेगळे. आधीचा तुकडा बघून पुढचा रंगवत गेलो, तर प्रत्येक वेळचा किंचित फरक साठत जातो आणि तोरण्यापर्यंत हिरवा रंग पिवळट झालेला असतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही आधी सगळा फोटो एक चतुर्थांश आकारात एकदाच रंगवतो. शैली तुम्ही पसंत करायची ती याच नमुन्यावर. पुढे प्रत्येक तुकडा शेजाऱ्याकडे न बघता या नमुन्यातल्या आपल्या जागेशी रंग जुळवतो. शैलीचा जोर मात्र बेताचाच ठेवावा लागतो. तो वाढवला की तुकडे आपापल्या मनाचे रंगवू लागतात. आणि मॉडेलला दिलेल्या वर्णनात ‘किल्ला’ हा शब्द सगळीकडे ठेवला, तर कोऱ्या आभाळातही बुरूज उगवतो. आभाळाच्या तुकड्यांचे वर्णन आम्ही वेगळे लिहितो.

प्रिंट हाती आल्यावर तुम्हीही तपासू शकता. डावे आणि उजवे टोक मोबाइलवर टिपून शेजारी ठेवा. कातळाशी कातळ, गवताशी गवत ताडा आणि फटकाऱ्याची जाडी बघा. आभाळावरून ठरवू नका: सकाळी सूर्य डावीकडे असल्याने तिकडचे आभाळ मुळातच उजळ असते, आणि तो फरक आम्ही मुद्दाम पुसत नाही.

फोटो देताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत नको, मूळ फाइल द्या. मोबाइलने पॅनोरमा जोडताना तटबंदीची कडा कुठे तुटली असेल, तर ती जागा दाखवा. ती रंगवण्याआधीच दुरुस्त करावी लागते, नाहीतर मॉडेल ती तूटही मन लावून रंगवते.