रेड कार्डनंतरचा रेफरी रिपोर्ट (फुटबॉल)

प्लेअरला रेड कार्ड दाखवून बाहेर काढलं की रेफरीनं स्पर्धा भरवणाऱ्यांना जो लेखी रिपोर्ट द्यायचा असतो, तो हा. फुटबॉलच्या नियम ५ प्रमाणे हे रेफरीचंच काम आहे. बंदी किती मॅचची घालायची ते शिस्त समिती ठरवते, आणि समितीतली माणसं बहुतेकदा ग्राउंडवर नसतातच, त्यामुळं त्यांना जे दिसणार ते रिपोर्टमधूनच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गंभीर फाउल आणि हिंसक वर्तन यात. नियम १२ मध्ये दोन्हीला रेडच आहे, पण बॉलसाठी झुंजताना समोरच्याला धोका होईल असा टॅकल केला तर गंभीर फाउल, आणि बॉलसाठी झुंज नसताना जोरात मारलं किंवा मारायला गेला तर हिंसक वर्तन, मग लागो न लागो. म्हणून बॉल कुठं होता हे रिपोर्टमध्ये पाहिजेच.

समजा मिरजेत लोकल मॅच चालूय आणि कुणी लिहिलं, "४ नंबरनं मुद्दाम राग काढून डेंजर फाउल केला, म्हणून रेड दिलं." यातून काहीच कळत नाही. लात मारली का कोपर, कुठं लागलं, बॉल होता का? तेच असं लिहायचं:

"६३व्या मिनिटाला, बॉल खेळात असताना, पांढऱ्या टीमच्या ९ नंबरनं पास दिला. बॉल साधारण १० मीटर लांब गेल्यावर लाल टीमच्या ४ नंबरनं त्याच्या उजव्या पोटरीवर जोरात लात मारली. मी साधारण ८ मीटरवर होतो, मध्ये कोणी नव्हतं. हिंसक वर्तनासाठी ४ नंबरला बाहेर काढलं. ९ नंबरवर उपचार झाले आणि तो पुढं खेळला. ४ नंबर लगेच ग्राउंडबाहेर गेला. डायरेक्ट फ्री किकनं खेळ सुरू केला."

पूर्ण नाव टीमशीटवरून उतरवायचं. "मुद्दाम" गेलं, कारण मनातलं कुणाला दिसत नाही, लात मात्र दिसली. तो नेहमीच असा खेळतो, दोन्ही टीमचं जुनं भांडण आहे, पब्लिक काय ओरडत होतं, चार मॅच तरी बसवा, यातलं काही लिहायचं नाही. बाहेर जाताना त्यानं बाटली लाथाडली किंवा परत येऊन हुज्जत घातली तर ते मात्र घडलं त्या क्रमानं यायला हवं.

शिवीसाठी रेड असेल तर "अश्लील बोलला" एवढ्यावर भागत नाही, आपल्याला कितीही अवघड वाटलं तरी जे शब्द वापरले तेच, फुल्या न मारता, आणि कुणाला उद्देशून ते लिहायचं. दुसऱ्या यलोमुळं रेड झालं असेल तर दोन्ही यलोंची मिनिटं आणि कारणं वेगवेगळी द्यायची.

आपण स्वतः बघितलं नसेल तर असिस्टंट रेफरीनं सांगितल्यावरून कार्ड दिलं असं सरळ लिहावं, आणि त्यानं स्वतःचा रिपोर्ट स्वतःच्या शब्दात वेगळा द्यावा. दोघांनी बसून एकच मजकूर उतरवला की सुनावणीत दोन साक्षी राहत नाहीत, आणि त्याच्या जागेवरून जे जास्त दिसलं असेल तेही कागदावर येत नाही.