ग्रँडे बेटाजवळचे प्रवाळ: पाण्यात उतरण्याआधी वाचा

आमच्याकडे स्नॉर्कलिंगला येणारे बहुतेक ग्राहक मासे बघायला येतात, आणि मासे दिसतातही. पण ते मासे नेमके तिथेच का राहतात हे समजून घ्यायचं असेल, तर त्यांच्या खाली असलेल्या प्रवाळांकडे आधी बघायला हवं. शक्य असेल तर हे आदल्या रात्री वाचा. होडी हलायला लागली की वाचणं जमत नाही.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगतो. ग्रँडे बेटाजवळ लक्षद्वीपसारखी प्रवाळभिंत नाही. लक्षद्वीपची बेटंच्या बेटं प्रवाळांनी बांधलेल्या चुनखडीवर उभी आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी गाळ आणि गोडं पाणी समुद्रात आणून सोडतात, त्यामुळे मूळच्या खडकावर जागोजागी प्रवाळांचे तुकडे तुकडे वाढलेले दिसतात. तरीही बांधणारा प्राणी तोच आहे आणि त्याची कामाची रीतही तीच.

हा प्राणी दिसतो कसा

पाण्याखाली गोल, पिवळसर-तपकिरी, गुळगुळीत वाटणारा गोटा दिसला, तर तो बहुधा पोराइटिस जातीचा प्रवाळ असतो. हात न लावता थोडं जवळून बघा. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढ्या वाट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. प्रत्येक वाटीत एक पॉलिप राहतो. पॉलिप म्हणजे एक मऊ पिशवी, वर एकच तोंड आणि तोंडाभोवती बारीक शुंडकांचं कडं. शुंडकांवर डंख मारणाऱ्या पेशी असतात, त्यांनी तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. बरेचसे प्रवाळ शुंडकं रात्री बाहेर काढतात, म्हणून दिवसा तुम्हाला नुसत्या वाट्या दिसतात.

या पॉलिपच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यतः त्याचाच. शैवाल उन्हात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा पॉलिपला देतं. बदल्यात पॉलिपने टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त मळ शैवालाला खत म्हणून मिळतो. प्रवाळाला उथळ, स्वच्छ पाणी का लागतं ते यावरून लक्षात येईल. गाळाने ऊन अडलं की त्याचं जेवण तुटतं.

दगड कसा तयार होतो

पॉलिपच्या बुडाची त्वचा आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये अगदी पातळ फट असते. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम पॉलिप त्या फटीत आणतो आणि तिथली आम्लता बाहेर काढतो. त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटचे सुईसारखे स्फटिक जमू लागतात. शैवालाकडून मिळणारी ऊर्जा या कामाला लागते, म्हणून दिवसा उजेडात हे काम रात्रीपेक्षा कितीतरी वेगाने चालतं. थर चढला की पॉलिप थोडा वर सरकतो आणि आपल्याखाली नवा पडदा घालून जुनी खोली बंद करतो. मध्येच त्याला कोंब फुटून शेजारी दुसरा पॉलिप तयार होतो. अख्खा गोटा अशा एकाच पिल्लाच्या वंशातून वाढलेला असतो आणि त्यात जिवंत भाग म्हणजे वरचं काही मिलिमीटर जाडीचं साल. आतला सगळा दगड मागच्या पिढ्यांनी सोडलेला आहे.

पोराइटिसचा गोटा चांगल्या पाण्यात वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तळापासून ३० सेंटिमीटर उंच गोटा दिसला, तर तो किमान ३० वर्षं तिथे आहे असं धरा. गढूळ पाण्यात त्याहून जास्तच. अशा गोट्याचा काप घेऊन एक्स-रे काढला, तर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं दिसतात. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ याच्या कितीतरी पट वेगाने वाढतात, पण वादळात मोडतातही लवकर.

मोडलेले तुकडे, शिंपल्या आणि वाळू खाचांत साठते. त्यावर गुलाबी रंगाचं, दगडासारखं कडक शैवाल पसरतं आणि सगळं एकत्र सांधून टाकतं. ही सांधणी नसती तर लाटांनी ढीग विखरून गेला असता आणि प्रवाळभिंत उभीच राहिली नसती.

एवढे जीव इथे का येतात

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा प्रवाळभिंतींनी व्यापली आहे, पण समुद्रातल्या ज्ञात जातींपैकी जवळजवळ पाव जाती कधी ना कधी तिथे आसरा घेतात. आपल्या कुळागराच्या जुन्या गडग्यात पाल, विंचू, बेडूक, सापाची कात असं सगळं सापडतं, कारण त्यात प्रत्येक मापाची फट असते. प्रवाळांतही तसंच आहे. शेवंडीला अंग मागे सारून बसण्याएवढी कपार लागते, गोबऱ्याला घळ लागते, आणि बोटभर माशाला दोन फांद्यांमधली जागा पुरते. शिवाय पाळ्या असतात. मोठ्या डोळ्यांचे लाल मासे दिवसभर कपारीत असतात आणि अंधार पडला की शिकारीला निघतात. त्याच सुमारास दिवसभर चरलेले पोपट मासे झोपायला आत येतात.

काही जीव भोक स्वतः पाडतात. कोरणारे स्पंज आणि शिंपले चुनखडी आतून पोखरतात आणि ते मेले की मोकळ्या बिळांत दुसरेच येऊन राहतात. बांधणी आणि पोखरण दोन्ही एकाच वेळी चालू असतात. बांधणी मागे पडली की भिंत झिजायला लागते.

नुसत्या जागेने मात्र भागत नाही, पोटालाही हवं. उष्ण कटिबंधातल्या निर्मळ पाण्यात खतद्रव्यं फार थोडी असतात, म्हणून जे मिळतं ते वाया जाऊ द्यायचं नसतं. प्रवाळ अंगावर बुळबुळीत स्राव सोडतो, त्यावर जंतू वाढतात आणि बारीक प्राणी ते खातात. या स्रावावरच जगणारा ट्रापेझिया नावाचा एक लहानसा खेकडा काही फांदीदार प्रवाळांत जोडीने राहतो. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा वर चढायला लागला, की हा खेकडा त्याचे मऊ पाय चिमट्यात धरून त्याला परतवतो. भाडं चुकतं करणारा असा भाडेकरू मला तरी दुसरीकडे माहीत नाही.

आजारी प्रवाळ ओळखायचा कसा

पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमालीपेक्षा अंशभर वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, की पॉलिप आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो. रंग गेल्यामुळे पारदर्शक त्वचेतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. पण पांढरा म्हणजे मेलेला, असं लगेच समजू नका. वाट्यांमध्ये ओलसर त्वचा दिसत असेल, तर तो जिवंत आहे आणि पाणी लवकर निवलं तर सावरू शकतो. वाट्या रिकाम्या असून वर हिरवट-करडी लव आली असेल, तर तो गेला.

पाण्यात असताना

पाय रोवून उभे राहू नका. लाइफ जॅकेट तुम्हाला वर ठेवतं. तळाजवळ फिन जोरात मारल्या की वाळू उडून प्रवाळावर बसते आणि ती झटकण्यात त्याची शक्ती खर्च होते. होडीचा नांगर आमचा तांडेल वाळूतच टाकतो, त्यामुळे थोडं अंतर पोहावं लागेल. मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दगडी प्रवाळांना संरक्षण आहे. शिवाय पाण्यात तरंगत आलेल्या प्रवाळाच्या पिल्लाला बसायला गाळ नसलेला, पक्का, टणक पृष्ठभाग लागतो, आणि जुना सांगाडा ही त्याला सापडणारी एक चांगली जागा आहे.